डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय – मदत हवी आहे

चाटीगल्ली_४२: कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. डावं कोपर काउंटरच्या कडेवर टेकवून फोनवर बोलायची सवय आहे. तीन आठवडे झाले, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतायत. पहाटे तर करंगळी दुसऱ्याचीच वाटते. डावा हात म्हणून घरचे हृदयाचं म्हणतायत. कुठे दाखवू?

सुगरण_सोलापूर: बी-ट्वेल्व्ह तपासा. मला अशाच मुंग्या होत्या, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना. मनगटाला पट्टा बांधून बऱ्या झाल्या.

बोटं_आणि_हाडं (फिजिओ): ताई, तुमची ती मनगटातली दुसरी नस, चाटीगल्लीच्या त्रासाला तो पट्टा लागू नाही. चाटीगल्ली, अनामिकेवरून सुईचं बोथट टोक हलकेच फिरवून पाहा. दोन्ही बाजू सारख्याच बधिर आहेत का? आणि हाताची मागची बाजू, करंगळीकडची?

चाटीगल्ली_४२: गंमतच आहे! करंगळीकडची अर्धी बाजू बधिर, मधल्या बोटाकडची ठीक. मागेही बधिर, मनगटापर्यंत. त्याच्या वर काही नाही.

बोटं_आणि_हाडं: मग कोपराची अल्नर नस वाटते. अनामिका दोन नसांत वाटलेली असते, म्हणून अर्धीच बधिर. हाताच्या मागच्या बाजूला जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटते, त्यामुळे दाब मनगटावर असता तर ती बाजू सहसा वाचली असती. बधिरपणा कोपरापर्यंत चढला असता तर मी मानेकडे पाहिलं असतं.

कोपर आपटलं की वीज चमकते ना, तीच ही नस. आतल्या हाडामागच्या खोबणीत ती जवळजवळ कातडीखालीच असते. काउंटरची कड तिला थेट दाबते. शिवाय कोपर दुमडलं की नस ताणली जाते आणि खोबण अरुंद होते. म्हणून फोन कानाला लावला की त्रास, आणि हात उशाशी दुमडून झोपलात की पहाटे त्रास.

लूमवाला: मग कोपराला घट्ट क्रेप बँडेज बांधा की ओ.

बोटं_आणि_हाडं: घट्ट नको, दाब वाढेल. रात्री टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळा, एवढंच की हात पूर्ण दुमडू नये. दिवसा इअरफोन वापरा, कोपर कडेवरून काढा. आता कागद अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये सरळ धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा.

चाटीगल्ली_४२: पोरानं ओढला. उजवा अंगठा सरळ राहिला, डावा टोकाशी वाकला.

बोटं_आणि_हाडं: मग नुसत्या टॉवेलवर थांबू नका. अंगठा वाकवून धरावं लागतंय म्हणजे पंज्यातले स्नायू कमजोर होत असावेत. याच आठवड्यात अस्थिरोग किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, ते एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी, सांगतील. अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलाय का, तेही त्यांना दाखवा.

लूमवाला: आणि हृदयाचं?

बोटं_आणि_हाडं: टेकल्यावर येणारं, अर्ध्या बोटापुरतं, हे तसं वाटत नाही. पण छातीत दडपण, धाप, घाम असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, आधी दवाखाना.

चाटीगल्ली_४२: छातीचं काही नाही. शुक्रवारची वेळ घेतलीय. कडेवर चादरीची घडी ठेवली तर चालेल का?

सुगरण_सोलापूर: एवढं करण्यापेक्षा कोपरच उचला ना!