टीचरच्या पत्रात शुगर लो झाल्याचं सगळ्यात आधी लिहा

> मुलगी दुसरीत आहे, तिला टाइप वन डायबिटीस आहे, टीचरना पत्रात नेमकं काय लिहू?

ताई, आमचा मुलगा ठाण्यात शाळेत जातो. पहिल्या पत्रात मी आजाराची दोन पानं माहिती लिहिली आणि नेमकं शुगर लो झाल्यावर काय करायचं तेच शेवटी गेलं. पीटीनंतर तो घामाघूम होऊन बाकावर डोकं टेकून बसला, टीचरना वाटलं दमलाय, म्हणून एकट्यालाच सिक रूमला पाठवलं, तो जिन्यातच खाली बसला.

आता पहिलीच ओळ अशी: "हात थरथरले, घाम आला, गप्प झाला किंवा उगाच चिडला तर जागेवरच शुगर बघा, ७० च्या खाली असेल किंवा मशीन हाताशी नसेल तरी लगेच दप्तराच्या पुढच्या कप्प्यातली ग्लुकोज पावडर ३ चमचे पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत बघा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, एकट्याला कुठेही पाठवू नका." चमचे तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहा, लहान मुलांना कमी लागतं. बिस्किट, चॉकलेट नको, त्याने शुगर हळू चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन, मग आपल्याला.