मदत हवी आहे : फुगलेले डिस्पोजेबल व्हेप रिसायकलिंग केंद्रापर्यंत कसे न्यावे?

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहतो. भाडेकरूने सोडलेल्या खोलीच्या खणात वापरून संपलेले चौदा डिस्पोजेबल व्हेप सापडले. १ जून २०२५ पासून येथे त्यांची विक्री बंद आहे, म्हणजे हे बहुधा जुनेच असावेत. आतला द्रव संपला तरी लिथियम बॅटरीत चार्ज उरतो आणि कचरागाडीत दाबले जाताना बॅटरी चिरडली की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागते, म्हणून ते घरच्या कचऱ्यात किंवा रिसायकलिंगच्या डब्यात टाकायचे नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. व्हेप विकणाऱ्या दुकानाने ते परत घेणे बंधनकारक आहे. बारा मी तिथेच देईन.

अडचण उरलेल्या दोन व्हेपची आहे. एकाची नळी मधोमध फुगून शिवण उघडली आहे, तर दुसऱ्याच्या तडकलेल्या बुडातून बॅटरीची तार दिसते. दोन्ही न उघडता, सुट्या पत्र्याच्या डब्यांत कोरड्या वाळूत पुरून अंगणात, घरापासून दूर ठेवले आहेत. उघड्या तारेवर चिकटपट्टी लावावी की हातच लावू नये? कौन्सिलच्या केंद्रावर असे बिघडलेले व्हेप कोणी दिले असतील, तर गाडीतून कसे नेले आणि तिथे आधी कळवावे लागले का, हे कृपया सांगावे.