मदत हवी आहे: काठीवरच्या मुंग्या एकमेकींतून आरपार गेल्या असं का धरायचं?

वैशाली_परळ
नमस्कार. नववीच्या मुलांची ऑलिंपियाडची तयारी घेते, शनिवारी हे गणित द्यायचं आहे.

१०० सेंमी लांबीची काठी. तिच्यावर चार मुंग्या. डाव्या टोकापासून मोजलं तर अ १० वर आहे आणि उजवीकडे चालली आहे, ब ४० वर, डावीकडे. क ५५ वर, उजवीकडे. ड ८० वर, डावीकडे. सगळ्यांचा वेग सेकंदाला १ सेंमी. दोघी समोरासमोर धडकल्या की दोघी त्याच क्षणी उलट फिरतात. टोकाला पोचलेली मुंगी खाली पडते. शेवटची मुंगी कधी पडेल आणि ती कोणती?

उत्तरात एकच ओळ दिली आहे: "मुंग्या एकमेकींतून आरपार जातात असे समजा." माझी मुलं इथे अडणार हे नक्की. त्या आरपार जात नाहीत हे गणितातच लिहिलंय, मग भलतंच धरून आलेलं उत्तर बरोबर कसं? त्यांना पटेल असं कसं सांगू?

दिलीप_बोरिवली
सोपं आहे ताई. टक्कर विसरूनच जायची. अ ला उजव्या टोकापर्यंत ९० सेंमी जायचंय, ब ला डावीकडे ४०, क ला उजवीकडे ४५, ड ला डावीकडे ८०. सगळ्यात मोठा आकडा ९०. म्हणजे अ शेवटी पडते, ९० सेकंदांनी. मुलांना सांगा की टकरीने काहीच बदलत नाही.

श्रीकांत_मुलुंड
दिलीपराव, ९० सेकंद बरोबर. पण पडते ती अ नाही. अ तर सगळ्यांत आधी पडते, तीही डाव्या टोकावरून. "टकरीने काहीच बदलत नाही" हे मुलांना सांगितलं तर हाच घोळ त्यांच्या डोक्यात बसेल, कारण टकरीने बरंच काही बदलतं. काय बदलतं आणि काय नाही, हे वेगळं करून दाखवायला हवं.

वैशालीताई, आरपार हा शब्द आधी काढूच नका. प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर डबेवाल्यासारखा एकेक डबा द्या, डब्यावर तिचं अक्षर. आता नियम असा की धडकल्या की दोघी डबे अदलाबदल करतात आणि मागे फिरतात. मुंगी उलटी फिरली, पण डबा ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला, त्याच वेगाने पुढे गेला, फक्त डोकं बदललं. म्हणजे डबा काठीवर कधीच वळत नाही. कोणतंही खोटं धरलं नाही, मुंग्या गणितात सांगितल्याप्रमाणेच वागताहेत. आणि कोणत्याही क्षणी जिथे मुंगी तिथे डबा, जिथे डबा तिथे मुंगी. म्हणून "शेवटचं पडणं कधी" हा प्रश्न डब्यांना विचारला काय नि मुंग्यांना विचारला काय, उत्तर एकच येतं. डब्यांचा हिशोब सोपा, म्हणून त्यांना विचारायचं.

"कोणती मुंगी" हा प्रश्न मात्र डब्यांना विचारून चालत नाही. ९० व्या सेकंदाला जो डबा पडतो त्यावर अ लिहिलंय, पण तेव्हा तो कोणाच्या डोक्यावर आहे? इथे दुसरी गोष्ट कामाला येते. मुंग्या एकमेकींना ओलांडत नाहीत, त्यामुळे डावीकडून अ, ब, क, ड हा क्रम शेवटपर्यंत तोच राहतो. दोन डबे डावीकडे चाललेत (ब आणि ड), म्हणजे डाव्या टोकावरून दोनच मुंग्या पडणार, आणि क्रम मोडत नसल्याने त्या अ आणि ब च असणार. डावीकडच्या वेळा ४० आणि ८०. टोकाजवळची आधी, म्हणून अ ४० ला, ब ८० ला. उजव्या टोकाच्या वेळा ४५ आणि ९०. तिकडे टोकाजवळ ड, म्हणून ड ४५ ला आणि क ९० ला. शेवटची मुंगी क.

फळ्यावर एकदा टक्कर टक्कर करून दाखवाच, तीनच आहेत. क आणि ड १२.५ सेकंदांनी ६७.५ वर धडकतात, ड उजवीकडे फिरते आणि ४५ ला पडते. अ आणि ब १५ सेकंदांनी २५ वर धडकतात, अ डावीकडे फिरते आणि ४० ला पडते. आता काठीवर मधे ब उजवीकडे निघालेली, क डावीकडे. ३५ व्या सेकंदाला दोघी ४५ वर धडकतात. तिथून ब डावीकडे ४५ सेंमी, म्हणजे ८० ला. क उजवीकडे ५५ सेंमी, म्हणजे ९० ला.

त्या तिसऱ्या टकरीकडे मुलांचं लक्ष वेधा. धडकल्या ब आणि क, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यावर डबे होते अ आणि ड. दहावरून उजवीकडे निघालेला आणि ऐंशीवरून डावीकडे निघालेला डबा ३५ व्या सेकंदाला ४५ वरच भेटायला हवेत, आणि तसेच भेटतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे समजवावं लागत नाही.

हिरवीगार_गोरेगाव
खऱ्या मुंग्या समोरासमोर आल्या तर मागे फिरत नाहीत, मिशा टेकवून ओळख पटवतात आणि बाजूने निघून जातात. भिंतीवरची रांग कधीही बघा. त्यामुळे उत्तरात लिहिलंय ते जसंच्या तसं बरोबर आहे, चूक गणित घालणाऱ्याची आहे.

वैशाली_परळ
निरीक्षण अगदी खरं आहे, पण गणितात मागे फिरणं हीच अट आहे. ती काढली तर "कोणती मुंगी" याचं उत्तर अ होईल, क नाही.
श्रीकांत सर, डब्याचं फारच पटलं. फळ्यावर तेच घेते.

निनाद_कोड
बरं झालं धागा दिसला. मी हेच पायथनमध्ये लिहिलंय. एकेक सेकंद पुढे जायचं, प्रत्येक मुंगी १ सेंमी सरकवायची, दोन मुंग्या एकाच जागी आल्या तर दोघींच्या दिशा उलट करायच्या. तुमच्या चार मुंग्या घातल्या तर पडायच्या वेळा ४०, ४५, ८०, ९० अशा बरोबर येतात, पण शेवटची मुंगी ड दाखवतो. क यायला हवी ना? वेळा बरोबर असताना नावं कशी चुकतील?

श्रीकांत_मुलुंड
निनाद, क आणि ड मधलं अंतर २५ आहे, विषम. १२ व्या सेकंदाला क ६७ वर, ड ६८ वर. १३ व्या सेकंदाला क ६८ वर, ड ६७ वर. टक्कर मधे साडेबारा सेकंदांना झाली, तुझ्या कोडने ती पाहिलीच नाही. त्याच्या लेखी दोघी खरोखरच आरपार गेल्या. मग ४५ ला क पडली, आणि ३५ व्या सेकंदाला ब ला धडकून परत उजवीकडे गेलेली, ९० ला पडलेली मुंगी ड ठरली.

वेळा बरोबर का आल्या तेही यातच आहे. टक्कर हुकली तर फक्त डबे बदलायचे राहतात, डब्यांच्या वाटा त्याच राहतात. म्हणून ही चूक वेळा तपासून कधीच सापडणार नाही. तपासायचं असेल तर दर सेकंदाला डावीकडून क्रम बघ. अ, ब, क, ड हा क्रम मोडला की टक्कर हुकली.

अर्ध्या सेकंदाची पायरी घेतलीस तर पूर्णांक जागांसाठी चालेल, पण लाखभर मुंग्या असतील तर इतकं सरकवत बसायची गरजच नाही:

```python
def fall_times(L, ants):      # ants: [(x, d)], d = +1 / -1
    left  = sorted(x for x, d in ants if d < 0)
    right = sorted((L - x for x, d in ants if d > 0), reverse=True)
    return left + right

print(fall_times(100, [(10, 1), (40, -1), (55, 1), (80, -1)]))
# [40, 80, 90, 45]
```

यादीतला पहिला आकडा सगळ्यांत डावीकडच्या मुंगीचा, मग पुढची, अशा क्रमाने. उजवीकडच्या वेळा उलट्या लावल्यात, कारण तिकडे टोकाजवळची मुंगी यादीत शेवटी येते.

निनाद_कोड
क्रम बघितला, १३ व्या सेकंदालाच मोडतोय. धन्यवाद.

दिलीप_बोरिवली
क चं पटलं. पण मग वेग वेगवेगळे असले तरी हीच युक्ती चालेल ना? डबा वळतच नाही म्हटल्यावर वेगाचा प्रश्न येतो कुठे?

श्रीकांत_मुलुंड
येतो. दोनच मुंग्या घ्या. एक ३० वर, उजवीकडे, सेकंदाला १ सेंमी. दुसरी ६० वर, डावीकडे, सेकंदाला २. त्या १० सेकंदांनी ४० वर धडकतात. प्रत्येक मुंगी आपापल्या वेगाने मागे फिरली तर पहिलीला डावीकडे ४० सेंमी, म्हणजे ५० व्या सेकंदाला पडेल. दुसरीला उजवीकडे ६० सेंमी, म्हणजे ४० व्या. शेवटचं पडणं ५० ला. आता डब्यांचा हिशोब करा, पहिल्याचा ७०, दुसऱ्याचा ३०. जुळत नाही. डबा डोकं बदलतो तेव्हा त्याचा वेगही बदलतो, म्हणून वाट सरळ राहिली तरी वेळ बदलली.

दिलीप_बोरिवली
आणि सारख्या वजनाचे दोन कडक गोळे असते तर? ते समोरासमोर आपटले की वेगांची अदलाबदल करतात.

श्रीकांत_मुलुंड
हो, मग चालते. वरच्याच उदाहरणात पहिला गोळा धडकेनंतर २ च्या वेगाने डावीकडे जाईल, ३० ला पडेल. दुसरा १ च्या वेगाने उजवीकडे, ७० ला. डब्यांचे आकडे हेच आहेत. अट एवढीच की टकरीनंतर निघणारे वेग आणि दिशा आलेल्यांसारख्याच असाव्यात, कोणाकडे कोणता गेला याने फरक पडत नाही. आपल्या मुंग्यांचे वेग सारखे, म्हणून तिथे हे आपोआप होतं.

वैशाली_परळ
आणखी एक, कारण हे वर्गात निघणारच. धडकल्यावर मुंग्या एक सेकंद थांबून मग फिरल्या तर?

श्रीकांत_मुलुंड
मग डबाही प्रत्येक भेटीला एक सेकंद थांबतो. अ चा डबा वाटेत ब आणि ड च्या डब्यांना भेटतो, म्हणजे ९० अधिक २, ९२ सेकंद. टक्कर टक्कर करूनही ९२ च येतात, करून बघा. पण इथे डबे एकमेकांपासून मोकळे राहत नाहीत. मागून त्याच दिशेने येणारी मुंगी अर्ध्या सेंमीवर असेल तर ती थांबलेल्या जोडीवर येऊन आदळेल, आणि तिघींनी काय करायचं हे गणितात सांगितलेलंच नाही. आपल्या चार मुंग्यांत तसं होत नाही.

निनाद_कोड
म्हणजे एकाच दिशेच्या मुंग्यांत १ सेंमीहून जास्त अंतर ठेवलं की झालं?

श्रीकांत_मुलुंड
हो, तेवढं पुरतं. पुढचा डबा थांबला की अंतर तात्पुरतं घटतं, पण त्याला भेटलेला समोरचा डबा पुढे मागच्यालाही भेटून तेवढाच थांबवतो. तुझं कोड अर्ध्या सेकंदाच्या पायरीवर आणलंस की तीन मुंग्या उजवीकडे आणि तीन डावीकडे ठेवून अंतर कमी करत जा, पहिला घोळ कुठे होतो ते इथेच टाक.

निनाद_कोड
टाकतो. थांबलेल्या जोडीवर तिसरी आली तर सध्या प्रोग्रॅम बंद करून जागा छापतोय.