घटना अहवालात ‘नजरचूक’ केव्हा आणि ‘हलगर्जी’ केव्हा?

धागाकर्ती: रुग्णालयाच्या घटना अहवालासाठी शब्द ठरवायचे आहेत. रुग्णाला काही झाले नाही तर ‘नजरचूक’, इजा झाली तर ‘हलगर्जी’ आणि रुग्ण दगावला तर ‘घोडचूक’, अशी चढती भाजणी ठेवावी का?

गुणवत्ता विभागातील परिचारिका: या भाजणीचा मला मनापासून राग आहे. आमच्याकडे प्रतिजैविकाची पावडर विरघळवण्यासाठी एकीने इंजेक्शनच्या पाण्याऐवजी पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलिलिटरची कुपी उचलली; दोन्ही कुप्या दिसायला सारख्या आणि एकाच ट्रेमध्ये होत्या. सोबतिणीने लेबल मोठ्याने वाचले म्हणून अनर्थ टळला, कारण ते द्रावण पातळ न करता झपाट्याने शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. सोबतीण तेथे नसती तर हात तोच आणि कुपीही तीच असताना केवळ नशिबामुळे ‘नजरचूक’ची ‘घोडचूक’ झाली असती. परिणामासाठी वेगळा रकाना असावा. शब्दाने घडले काय तेच सांगावे. चुकीची वस्तू उचलली तर नजरचूक, मात्रा द्यायची राहिली तर विसर, आणि पडताळणी जाणूनबुजून टाळली तर नियमभंग.

निवृत्त लेखनिक: ताई, शब्दाची जखम तुम्हाला ठाऊक नाही. पगारपत्रकात माझा एक आकडा चुकला आणि तो मी त्याच दिवशी दुरुस्त केला, तरीही नोटिशीत ‘कर्तव्यात कसूर’ असे आले आणि पदोन्नतीच्या वेळी तेच दोन शब्द पुढे काढण्यात आले. म्हणून अहवालात सरसकट ‘चूक’ एवढेच लिहावे.

वकील: ‘हलगर्जी’ तर मुळीच लिहू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू हा गुन्हा आहे. तो शब्द लिहिला की कबुलीच झाली.

गुणवत्ता विभागातील परिचारिका: कबुली होत नाही, वकीलसाहेब, निष्काळजीपणा झाला की नाही हे न्यायालय पुरावा पाहून ठरवते. मात्र अहवाल लिहिणाऱ्याने निवाडा देऊ नये, एवढे तुमचे मान्य करते.

एका रुग्णाचा मुलगा: तुम्ही सगळे कर्मचाऱ्यांचीच काळजी वाहता! माझ्या वडिलांच्या अहवालात ‘अनवधानाने मात्रा राहून गेली’ असे लिहिले होते. मात्रा आपोआप राहत नाही. ती कोणाच्या पाळीत राहिली आणि तक्त्यावर सही कोणी केली, हे त्या वाक्यात कोठेच नव्हते. सौम्य शब्दांची मला चीड आहे.

निवृत्त लेखनिक: म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी माथी ‘कसूर’ मारायची!

गुणवत्ता विभागातील परिचारिका: नाही. अहवालात त्या पाळीचा आणि सहीचा उल्लेख हवा होता, यात या मुलाचे मन दुखावले ते रास्तच आहे. आणि एक गोष्ट मीही आधी सांगायला हवी होती. पोटॅशियमच्या कुप्या वॉर्डातून हलवून कुलपात ठेवा, असे आम्हाला आठवडाभर आधी लेखी कळवले होते, आणि ते कोणीच केले नव्हते. कुपी उचलणाऱ्या हाताला मी आजही नजरचूकच म्हणेन. ‘हलगर्जी’ हा शब्द त्या ट्रेसाठी, म्हणजे आम्हा वरिष्ठांसाठी लिहायला हवा होता. आमच्या अहवालात तो लिहिला गेला नाही.

निवृत्त लेखनिक: वरिष्ठांसाठी तो शब्द लिहिलेला मी तरी नोकरीत कधी पाहिला नाही. ‘चूक’वर मी ठाम आहे.