काजू युनिट: एकेक आकडा हलवून एनपीव्ही तपासायचाय, सुरुवात कुठून करू?

कुडाळचा_काजू
कुडाळजवळ काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. शेड आणि मशिनरी ४० लाख. वर्षाला ६० टन बी, उतारा २६ टक्के, काजूगराचा सरासरी भाव ६८० रुपये किलो, बीचा भाव १३०, प्रक्रियेचा खर्च किलो बीमागे २० रुपये, स्थिर खर्च वर्षाला ४ लाख. आठ वर्षं, १२ टक्के दर, टॅक्स अजून धरलेला नाही. एनपीव्ही २० लाख येतो. आता सगळे आकडे १०-१० टक्क्यांनी वर-खाली करून पाहिले की झालं का?

देवगडवाली
बँकेचा हप्ता कुठे दिसत नाही. आमच्या आंबा पल्पच्या युनिटला बँकेने तेच पाहिलं होतं. आधी व्याजदर हलवून बघा, सगळा खेळ त्याचाच असतो.

हिशेबनीस
हप्ता भागतो का, हे बघायलाच हवं, पण त्याचा तक्ता वेगळा. इथे कर्जाची किंमत १२ टक्क्यांत आलेली आहे. हप्ता पुन्हा वजा केलात तर एकच खर्च दोनदा धरला जाईल. आणि दर १४ टक्के केला तरी एनपीव्ही १६ लाख राहतो, म्हणजे खरा धोका तिथे नाही.

शीट अशी मांडा. B1 ते B9 मध्ये क्रमाने बी किलोत, उतारा, गराचा भाव, बीचा भाव, प्रक्रिया खर्च, स्थिर खर्च, गुंतवणूक, दर, वर्षं. मग:

```
B11: =B1*(B2*B3-B4-B5)-B6
B12: =PV(B8,B9,-B11)-B7
```

सूत्रात कुठेही आकडा हाताने टाकू नका. सेल बदलला आणि B12 जागचा हलला नाही, तर समजा कुठेतरी आकडा अडकलाय. एक सेल बदला, B12 लिहून घ्या, सेल मूळ आकड्यावर आणा, मगच पुढचा. मागचा बदल तसाच राहणं ही इथली नेहमीची चूक.

सरसकट १० टक्के मात्र नको. बी १० टक्के कमी मिळाली तर एनपीव्ही १२ लाख राहतो. गराचा भाव तेवढाच पडला तर तो उणे ३३ लाखांच्या आसपास जातो. पण दोन्ही गोष्टी सारख्याच शक्य आहेत का? प्रत्येक आकडा प्रत्यक्षात जितका हलू शकतो, तितकाच हलवा.

तुमच्या शीटमधला सगळ्यात नाजूक आकडा उतारा आहे. २६ चे २५ टक्के करा. गर ६०० किलो कमी, वर्षाला ४ लाख ८ हजार गेले, आणि एनपीव्ही शून्याच्या किंचित खाली. एका टक्क्यात अख्खे २० लाख संपले.

वेंगुर्ल्याची_बी
आणि तो एक टक्का जायला फार काही लागत नाही. बी नीट न वाळवता घेतली की ओलाव्याचं वजन तुम्ही १३० च्या भावाने विकत घेता. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ची बी चांगली उतरते, पण त्यात बारीक गावठी बी मिसळली की उतारा खाली येतो. खरेदीआधी प्रत्येक लॉटमधली किलोभर बी फोडून गर वजन करून पाहा. तुकडा किती पडतो तेही त्यातच कळेल. तुकडा वाढला की तुमचा ६८० चा सरासरी भावही घसरतो, उतारा तोच असला तरी.

कुडाळचा_काजू
म्हणजे गराचा भावही तितकाच नाजूक? Goal Seek ने B12 शून्य केला तर भाव ६५४ वर थांबतो. फक्त २६ रुपयांची जागा आहे. मग प्रकल्प सोडूनच द्यावा का?

हिशेबनीस
एवढ्यावरून नाही. एक आकडा हलवताना बाकीचे जागच्या जागी राहतात, असं आपण धरतो. गराचा भाव ५ टक्के पडला आणि बी १३० लाच राहिली तर एनपीव्ही उणे ६ लाख. पण गर उतरला की बीही साधारण उतरते. दोन्ही ५ टक्के उतरले तर एनपीव्ही १३ लाख शिल्लक राहतो. म्हणून या दोन भावांची जोडी वेगळ्या ओळीत हलवा. तुमची खरी भीती वेगळी आहे: मे महिन्यात बी महाग भरून ठेवली आणि दिवाळीपर्यंत गर उतरला. तिथे जोडी तुटते, आणि एकट्या गराच्या भावाची ओळ खरी ठरते.

वेंगुर्ल्याची_बी
त्यावरूनच विचारतो, भरून ठेवलेल्या बीचा पैसा शीटमध्ये कुठे आहे? मार्च ते मेमध्ये ७८ लाखांची बी घ्यायची आणि वर्षभर फोडायची. सरासरी ३९-४० लाख साठ्यात अडकलेले असणार.

हिशेबनीस
बरोबर, माझ्या नजरेतून सुटलं. ४० लाख सुरुवातीला घातले आणि आठव्या वर्षाअखेर परत आले असं धरलं, तर त्यांची आजची किंमत १६ लाखच. २४ लाख वजा, आणि एनपीव्ही उणे ४ लाखांच्या आसपास.

देवगडवाली
पण तो माल कॅश क्रेडिटवर उचलतात ना? मग फक्त व्याज खर्चात धरलं तर?

हिशेबनीस
धरता येईल, पण मग साठ्याची रक्कम गुंतवणुकीत घ्यायची नाही, दोन्हीपैकी एकच. माझा कल गुंतवणुकीत धरण्याकडे आहे, कारण बँक माल-तारणावर मार्जिन ठेवते आणि तेवढा पैसा घरचाच लागतो. कुडाळचा_काजू, मर्यादा किती मंजूर होईल आणि वर्षभराची बी एकदम घेणार की थोडी नंतर बाजारातून, हे सांगा. साठ्याचा आकडा त्यावर ठरेल, आणि उताऱ्याच्या खालोखाल मला आता तोच हलवून पाहायचाय.