लेबल हाताशी आहेत, तर एलडीए की पीसीए? (हापूसचे एनआयआर स्पेक्ट्रा)

कैरीचं_पन्हं
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवाय. हापूसची ९० फळं घेतली: ३० रत्नागिरी, ३० देवगड, ३० कर्नाटक. हातात धरायच्या एनआयआर यंत्राने प्रत्येक फळ तीन जागी स्कॅन केलं, म्हणजे एकूण २७० स्पेक्ट्रा. एका स्पेक्ट्रममध्ये ९०० ते १७०० नॅनोमीटरच्या दरम्यान २२८ तरंगलांब्या आहेत. कुठलं फळ कुठलं ते लिहून ठेवलंय.

पीसीएच्या पहिल्या दोन घटकांवर प्लॉट काढला तर तिन्ही रंगांची खिचडी. एलडीए केलं तर तीन स्वच्छ वेगळे पुंजके. गाईड एलडीएच्या चित्रावर खूश आहेत. मला मात्र ते इतकं छान दिसतंय की विश्वास बसत नाही. थीसिसमध्ये कुठलं घालू?

अटी: मोसम संपलाय, नवीन फळं मिळणार नाहीत. प्रकरण दोन आठवड्यांत द्यायचंय. लॅपटॉप साधा आहे. न्यूरल नेटवर्क नको, व्हायवात मला समजावून सांगता आलं पाहिजे.

ठोकताळा
यात विचारण्यासारखं काय आहे? लेबल असतील तर एलडीए, नसतील तर पीसीए. विषय संपला. आमच्या कारखान्यात पंपांच्या व्हायब्रेशनवर मी एलडीएच लावलं होतं. ९ सेन्सर आणि हजारो नोंदी, पहिल्या फटक्यात चाललं. साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं माझं.

जीपीयूवाला
९० फळांत काय होणार? किमान हजार आणा आणि थेट सीएनएन लावा. एक बरं ग्राफिक्स कार्ड घेतलंत की पुढची पाच वर्षं बघायला नको.

कैरीचं_पन्हं
दादा, मोसम संपलाय. वर लिहिलंय.

बातमीदार
मी मराठी बातम्यांवर एलडीए चालवलं होतं. २० विषय मागितले, त्यातले सहा नुसते क्रिकेटचे निघाले. स्टॉपवर्ड नीट काढा, बराच फरक पडतो.

ठोकताळा
ते वेगळं एलडीए हो, विषय शोधायचं. इथे आंबे चाललेत.

निवृत्त_मास्तर
फिशरने १९३६ साली हे मांडलं तेव्हा त्याच्याकडे १५० फुलं होती आणि प्रत्येकाची फक्त चार मापं. त्याच वर्षी आपल्या महालनोबिसांचा अंतरावरचा लेख आला, आणि दोनपेक्षा जास्त गटांसाठीची मांडणी सी. आर. राव यांनी १९४८ साली केली. ही सगळी मंडळी मापं मोजकी आणि नमुने भरपूर ठेवत. इथे ९० फळं आणि २२८ मापं! आमच्या वेळी अशी वही परीक्षकाने परत फेकली असती. हल्ली बटण दाबलं की चित्र येतं, मग कोण मोजतंय?

कैरीचं_पन्हं
सर, स्पेक्ट्रा २७० आहेत ना? २२८ पेक्षा जास्तच झाले.

वर्णपट
मास्तरांचं बरोबर आहे आणि तुमच्या या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. पण आधी पीसीएत खिचडी का झाली ते बघू, कारण "पीसीएला काही दिसलं नाही म्हणजे फरकच नाही" असं कोणी म्हणू नये.

समजा दोनच तरंगलांब्या आहेत. दोन्हींचं व्हेरियन्स १०० आणि दोघींमधला कोरिलेशन ०.९९. एनआयआरमध्ये हे नेहमीचंच आहे. साल खडबडीत असेल किंवा यंत्र जरा तिरकं टेकलं तर सगळा स्पेक्ट्रम एकदम वर किंवा खाली सरकतो. मग दोघींच्या बेरजेच्या दिशेला व्हेरियन्स १९९ येतं आणि वजाबाकीच्या दिशेला फक्त १. आता दोन जाती वजाबाकीच्या दिशेलाच वेगळ्या आहेत आणि त्यांच्या सरासरीत ४ चं अंतर आहे असं धरा. सम-समान फळं असतील तर त्या दिशेचं एकूण व्हेरियन्स १ अधिक ४, म्हणजे ५. पीसीएचा पहिला घटक १९९ भागिले २०४, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के व्हेरियन्स घेऊन ऐटीत बसतो आणि जातीबद्दल अवाक्षर सांगत नाही. उरलेल्या अडीच टक्क्यांत सगळी माहिती आहे. एलडीए प्रत्येक जातीच्या आतला पसारा किती ते बघतं, म्हणून थेट वजाबाकीची दिशा धरतं. मधोमध रेघ मारली तर शंभरात साधारण दोनच फळं चुकतात.

ठोकताळा
म्हणजे मी म्हटलं तेच. एलडीए.

वर्णपट
निम्मंच. या उदाहरणात मापं दोनच होती आणि जातीच्या आतला पसारा आपल्याला आधीच माहीत होता. इथे तो पसारा २२८ दिशांत अंदाजायचाय आणि तोही ९० फळांवरून. एकाच फळाचे तीन स्कॅन म्हणजे तीन फळं नव्हेत. ते एकमेकांसारखेच असणार.

फळं मापांपेक्षा कमी असली की अशा काही दिशा हमखास सापडतात जिथे हातातल्या फळांचा जातीतला पसारा योगायोगाने जवळपास शून्य असतो. एलडीए भागाकारात तोच पसारा खाली ठेवतं, म्हणून त्या दिशांवर ते झडप घालतं. चित्र सुंदर येतं, पण नवीन आंबा आणला की त्या दिशेला काही अर्थ उरत नाही.

खात्री करायला एक काम करा. लेबलं फळांमध्ये उगाच पिसून टाका. एका फळाच्या तिन्ही स्कॅनला तेच खोटं लेबल राहू द्या. मग एलडीएचं चित्र परत काढा.

हापूसप्रेमी_सिंधुदुर्ग
लेबलाचंच म्हणाल तर फळं आणलीत कुठून? २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मिळालं, तरी बाजारात देवगडच्या पेटीत कर्नाटकचा माल भरलेला असतो. तुमचं लेबलच खोटं असेल तर ते गणित काय करणार? आणि त्या यंत्राने साका कळतो का तेवढं सांगा. आमचं नुकसान त्यानेच होतं, मूळ गाव कुणाला विचारायचंय?

कैरीचं_पन्हं
रत्नागिरी आणि देवगडची फळं मी बागेतूनच घेतली आणि एकाच दिवशी स्कॅन केली. कर्नाटकची बाजारातून, एकाच व्यापाऱ्याकडून घेतली. ती नंतर स्कॅन केली, त्या दिवशी लॅबचा एसी बंद होता. साक्याचं बघितलं नाही काका, फळं कापली नाहीत.

वर्णपट, लेबलं पिसून बघितली. तरीही तीन पुंजके आले. पूर्वीइतके लांब नाहीत, पण कोणालाही दाखवले तर "वा" म्हणेल असे. आता रात्री झोप कशी लागणार?

वर्णपट
झोप लागेल. आता अचूकता कशी मोजलीत ते सांगा. स्कॅन मिसळून पाच भाग केले असतील तर आंब्याचा एक गाल शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेलाय. मॉडेल जात ओळखत नाही, ते नेमकं फळ ओळखतं. भाग फळांप्रमाणे पाडा. आधी पीसीए, त्याचे थोडे घटक, त्यावर एलडीए, आणि हे दोन्ही प्रत्येक भागात नव्याने बसलं पाहिजे:

```python
m = make_pipeline(PCA(n_components=8),
                  LinearDiscriminantAnalysis())
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=1)
cross_val_score(m, X, y, groups=phal, cv=cv)
```

`phal` म्हणजे फळाचा क्रमांक. चेहरे ओळखण्याच्या कामात १९९७ पासून फिशरफेसेस नावाने हीच जोडी वापरतात. चित्रातले पिक्सेल हजारो आणि फोटो मोजके, अडचण तीच.

आणि पीसीएचा जुना प्लॉट फेकू नका. त्याला जातीऐवजी तारखेचे रंग द्या. कर्नाटक वेगळ्या दिवशी, वेगळ्या तापमानाला स्कॅन झालंय. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा पाण्याचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो. एलडीएला जात आणि तारीख यांतला फरक कळायचा काही मार्गच नाही, कारण तुमच्या डेटात ते दोन्ही एकच आहेत.

ठोकताळा
८ च घटक का? १० का नाहीत? तुमच्याच उदाहरणात माहिती शेवटच्या घटकात होती, ती तर तुम्ही पीसीएत फेकून दिलीत!

वर्णपट
हा प्रश्न चांगला आहे. माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. घटकांचा आकडाही क्रॉस व्हॅलिडेशनच्या आतल्या फेरीत ठरवावा लागतो आणि ९० फळांवर तो स्थिर राहत नाही.

पीएलएस_भक्त
इतकं कशाला? पीएलएस-डीए लावा, ते घटक काढतानाच लेबल बघतं. केमोमेट्रिक्समध्ये सगळे तेच वापरतात.

वर्णपट
वापरतात, आणि लेबलं पिसल्यावर त्याचंही चित्र असंच छान येतं. फळांप्रमाणे भाग पाडणं त्यातही सुटत नाही.

जीपीयूवाला
सीएनएनमध्ये घटक ठरवावे लागत नाहीत.

निवृत्त_मास्तर
त्यात बाकी सगळं ठरवावं लागतं.

कैरीचं_पन्हं
झालं ते सांगते. पिसलेली लेबलं आणि स्कॅन मिसळून पाडलेले भाग, यात अचूकता निम्म्याच्या बरीच वर आली! तेच फळांप्रमाणे भाग पाडल्यावर ३३ टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे तीन जातींत नुसता अंदाज. पीसीएवर तारखेचे रंग दिले तर पहिल्या दोन घटकांत काही नाही, पण तिसऱ्यात दोन दिवस चक्क वेगळे पडले.

म्हणून मी कर्नाटक काढून टाकतेय. प्रत्येक फळाच्या तीन स्कॅनची सरासरी घेऊन ६० ओळी उरल्या. पीसीए आधी लावत नाही, घटक किती घ्यायचे यावर इथेच एकमत नाही. त्याऐवजी श्रिंकेज घेते:

```python
LinearDiscriminantAnalysis(solver="eigen", shrinkage="auto")
```

ठोकताळा
कर्नाटक काढलं तर प्रोजेक्टमध्ये उरलं काय? आणि दोन जाती म्हटल्यावर एलडीएला एकच अक्ष मिळतो, दोन अक्षांचा प्लॉट येणारच नाही. गाईडला दाखवणार काय?

पीएलएस_भक्त
+१. कर्नाटक ठेवा आणि मर्यादांमध्ये एक ओळ लिहा. सगळे तसंच करतात.

वर्णपट
मीही कर्नाटक ठेवलं असतं, पण वेगळ्या तक्त्यात, तारखेचं दुखणं स्पष्ट सांगून. श्रिंकेजला माझी हरकत नाही. जातीतल्या पसाऱ्याचा अंदाज ते साध्या आकाराकडे ओढतं, त्यामुळे त्या शून्य पसाऱ्याच्या फसव्या दिशा बुजतात. किती आली अचूकता?

कैरीचं_पन्हं
६० पैकी ३६ बरोबर. प्लॉटऐवजी एका अक्षावर दोन हिस्टोग्राम काढलेत, बरेच एकमेकांवर चढलेले.

वर्णपट
३६ म्हणजे नाणं उडवूनही दहा-पंधरा वेळांत एकदा येईल एवढं. रत्नागिरी आणि देवगड या यंत्राने वेगळे होतात असं यावरून म्हणता येणार नाही. होत नाहीत असंही नाही, ६० फळं त्याला कमी आहेत.

कैरीचं_पन्हं
तेच लिहिलंय. पिसलेल्या लेबलांचं चित्रही शेजारी छापतेय. गाईड अजून नाराज आहेत, सोमवारी परत बोलावलंय.

हापूसप्रेमी_सिंधुदुर्ग
देवगड आणि रत्नागिरी वेगळे कळत नाहीत म्हणता? एक फोड खाऊन मी सांगतो.

निवृत्त_मास्तर
डोळे बांधून, ६० फोडी. लेबलं मी पिसतो.

हापूसप्रेमी_सिंधुदुर्ग
फोडींचा खर्च कोणाचा?