शब्दचर्चा: ‘केवायसी’ आणि ‘मनी लाँडरिंग’, मराठीत नेमकं काय म्हणावं?

सेवा केंद्र चालवणारी, दारव्हा
केवायसी हा शब्द आमच्या गावात म्हाताऱ्या माणसालाही पाठ आहे, पण अर्थ एकच: अंगठा देणं. पीएम किसानची केवायसी, रेशनची केवायसी, मशीनवर बोट ठेवायचं आणि घरी जायचं. आता पोरं बिटकॉइन घ्यायला मोबाइलवर एक्स्चेंजचं खातं उघडतात. तिथे आधार, पॅन, सेल्फी, बँक खातं तर मागतातच, वर धंदा काय आणि वर्षाचं उत्पन्न किती हेही विचारतात. परवा एक जण म्हणाला, “ताई, पैसा माझा, घेणार मी, मग यायले माझं उत्पन्न काऊन पाहिजे?” मी म्हटलं, मनी लाँडरिंगचा कायदा आहे. तो म्हणाला, म्हणजे काय? मला मराठीत सांगता आलं नाही. केंद्राच्या भिंतीवर चार ओळी लावायच्या आहेत. दोन्ही शब्दांना मराठी शब्द सुचवा.

कास्तकार, बाभूळगाव
ताई, ते अवैध सावकारीचं आहे. 2014 चा कायदा आहे आपल्या राज्यात. आमचं दोन एकर वावर सावकारानं खरेदीखत करून घेतलं, कर्ज फिटलं तरी परत देत नाही. या कायद्यात एक्स्चेंजवाले काही मदत करतात का?

निवृत्त बँक अधिकारी, पुसद
दादा, तुमचा कायदा लेंडिंगचा, म्हणजे पैसे उसने देण्याचा. इथे विषय लाँडरिंगचा, म्हणजे धुण्याचा. एक्स्चेंजचा तुमच्या वावराशी काही संबंध नाही. तुम्ही जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करा. खरेदीखत आणि कर्ज फेडल्याचा जो काही कागद असेल तो सोबत न्या, आणि उशीर करू नका.

मराठीचा शिक्षक, वाशीम
वर्तमानपत्रं ‘आर्थिक अफरातफर’ लिहितात, तोच रूढ करावा. ‘धनशोधन’ही दिसतो, पण शोधन म्हणजे शुद्ध करणं हे आता कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या वर्गात मुलांना विचारलं तर जमिनीतलं धन शोधणं असं सांगतील. केवायसीला ‘ओळख पडताळणी’ पुरे.

निवृत्त बँक अधिकारी, पुसद
सर, धनशोधनाबद्दल तुमचं बरोबर आहे, अफरातफरीबद्दल नाही. पतसंस्थेच्या सचिवाने ठेवीदारांचे पैसे खाल्ले, ती अफरातफर. तो मूळ गुन्हा झाला. मग त्याच पैशाचं त्याने मेहुण्याच्या नावावर वावर घेतलं आणि विकून ‘शेतीतून आलेला पैसा’ म्हणून बँकेत भरला, ते लाँडरिंग. मनी लाँडरिंगच्या 2002 च्या कायद्याची मांडणीच अशी आहे की आधी मूळ गुन्हा लागतो, आणि त्यातून आलेली मालमत्ता निर्मळ म्हणून दाखवणं, लपवणं, जवळ ठेवणं, वापरणं हा वेगळा गुन्हा होतो. एकच शब्द दोन्हीला वापरला तर हा फरकच बुजतो. ‘काळ्याचं पांढरं करणं’ जवळचं आहे, पण काळा पैसा म्हटलं की लोकांना कर चुकवलेला पैसा आठवतो. मी ‘गुन्ह्याचा पैसा धुणं’ म्हणेन. लांब आहे, पण चुकीचं कळत नाही.

‘ओळख पडताळणी’ला माझी हरकत अधिक आहे. आधार-पॅन तपासून ओळख पटते, ती पहिली पायरी. केवायसी म्हणजे ‘नो युवर कस्टमर’, नियमाला हवं ते ग्राहकाला जाणणं. हा माणूस कोण, कमावतो किती, कशातून, हे माहीत असेल तरच त्याचा न शोभणारा व्यवहार डोळ्यात भरतो. ताईंच्या त्या मुलाचं उत्पन्न म्हणूनच विचारतात. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तेचे एक्स्चेंज या कायद्याखाली आले, तेव्हापासून बँकेसारखीच त्यांनाही नोंदी ठेवाव्या लागतात आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या एफआयूला, म्हणजे अशा व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावा लागतो.

आर्णीकर
साहेब, शब्दाचं तुम्ही पाहा, मले माझ्या भाच्याचं सांगा. त्याची केवायसी पूर्ण होती. आधार खरं, पॅन खरं, फोटो त्याचाच. तरी बँकेनं खातं गोठवलं. टेलिग्रामवर एकानं सांगितलं होतं, तुझ्या खात्यात पैसे येतील, त्याचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाचे आभासी नाणे, घेऊन मी देतो त्या पत्त्यावर पाठव, शेकडा दोन तुझे. एका दुपारी तीन अनोळखी लोकांकडून 1,80,000 आले. वीस मिनिटांत यानं घेतले आणि पाठवले. याले 3,600 भेटले. आता एक्स्चेंजवाले नुसतं ‘तपासणी सुरू आहे’ म्हणतात. केवायसी खरी होती तं मग अडलं कुठं?

निवृत्त बँक अधिकारी, पुसद
भाऊ, केवायसी खरी होती म्हणूनच त्यांना तुमचा भाचा हवा होता. एक्स्चेंज सहसा दुसऱ्याच्या बँक खात्यातून आलेला पैसा घेत नाही. बँकेतलं नाव आणि एक्स्चेंजवरचं नाव जुळावं लागतं. फसवणाऱ्याला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, मग तो दोन्हीकडे जुळणारं नाव भाड्याने घेतो. ते तिघे बहुधा फसवले गेलेले लोक असतील. त्यातल्या कोणी सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार केली की पैसा ज्या खात्यात गेला ते बँक अडवते.

दारातल्या तपासणीत हे दिसत नाही, कारण कागद अस्सल असतात. दिसतं ते नंतर. त्याने फॉर्मवर धंदा काय लिहिला होता? शेती किंवा शिक्षण असेल, आणि त्या खात्यात एका दुपारी तिघा अनोळख्यांचा पैसा येऊन लगेच जवळजवळ पूर्ण बाहेर जातो. आत-बाहेर इतक्या घाईचा व्यवहार आणि खातेदाराचं नेहमीचं जगणं यांचा मेळ बसत नाही. त्याने पाठवलं तो पत्ता बाहेरच्या वॉलेटचा असेल तर तिथे कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. पोलिसांना पैशाच्या वाटेवर शेवटचं नाव सापडतं ते तुमच्या भाच्याचं.

आणि ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच का सांगतात? एफआयूला कळवलं असेल तर ते ग्राहकाला सांगायची कायद्याने मनाई आहे. मराठीत म्हणायचं तर चाहूल लागू द्यायची नाही. तुमच्या बाबतीत कळवलंय की नाही ते मी सांगू शकत नाही, तेही सांगणार नाहीत.

जुना अडत्या, अकोट
आमच्या आजोबांच्या वेळी कापसाच्या व्यवहारात हुंडी चाले. एक धनीजोग, जो घेऊन येईल त्याला पैसे. दुसरी शहाजोग, ती फक्त बाजारात ओळख-पत असलेल्या शहालाच चुकती व्हायची. पैसे देणारा आधी विचारपूस करी, हा खरंच शहा आहे ना. हुंडी चोरीची निघाली तर त्या शहाने पैसे परत करायचे. तुम्ही सांगता ते तेच. केवायसी केलेल्या ग्राहकाला ‘शहाजोग ग्राहक’ म्हणावं.

मराठीचा शिक्षक, वाशीम
काका, दाखला फार मोलाचा आहे, मला माहीत नव्हता. पण आज ‘शहाजोग’ म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. भिंतीवर लिहिलं तर उलटाच अर्थ लागेल. ‘पडताळणी’ मी मागे घेतो. ‘ग्राहक-जाण’ कसा वाटतो?

जुना अडत्या, अकोट
अर्थ बिघडला म्हणून शब्द टाकायचा का? वापरला तर सुधारेल. तुमची ‘जाण’ मात्र मला कवितेसारखी वाटते.

सेवा केंद्र चालवणारी, दारव्हा
मी ‘केवायसी’ तसाच ठेवते, लोकांना तो ओळखीचा आहे. खाली लिहीन: ‘अंगठ्याने तुमची ओळख पटते. उत्पन्न आणि धंदा विचारतात ते तुमच्या नावावर दुसऱ्याचा पैसा फिरला तर कळावं म्हणून.’ आणि ‘लाँडरिंग’ला ‘गुन्ह्याचा पैसा धुणं’. साहेब, ‘केवायसी केली’ लिहू की ‘केलं’? इथे दोन्ही बोलतात.

आर्णीकर
साहेब, उद्या पोट्ट्याले घेऊन ठाण्यात जातो. काय नेऊ?

निवृत्त बँक अधिकारी, पुसद
आधी बँकेत जाऊन विचारा, कोणत्या ठाण्याच्या पत्रावरून खातं अडवलंय आणि तक्रार क्रमांक काय. ते ठाणं दुसऱ्या राज्यातलंही असू शकतं. बँकेचा उतारा घ्या, एक्स्चेंजच्या ॲपमधून व्यवहारांची यादी काढा, त्यात पाठवलेला पत्ता आणि वेळ असते. टेलिग्रामवरचं बोलणं पुसू देऊ नका, त्याला फोन हातात घेण्याआधीच सांगा. ते 3,600 खर्च झाले असतील तर तेही लपवू नका. जाण्याआधी वकिलाशी बोलून घ्या.